ठेवीतले दहा लाख फंडात का गेले: बाबांना लिहिलेले एक पत्र

प्रकरण कराडमधल्या एका घराचे आहे. वडील ७२ वर्षांचे, कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. आई ६७ वर्षांची. घर स्वतःचे, कर्ज नाही. एकुलता मुलगा ठाण्याला नोकरी करतो. बचत साठ लाखांची: वीस लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ साली ८.२ टक्क्यांनी ठेवलेले, आणि चाळीस लाख तीन बँकांतल्या मुदत ठेवींत. पेन्शन फक्त ईपीएस-९५ या भविष्यनिधीशी जोडलेल्या योजनेची, महिना २,८००. तिला महागाई भत्ता नाही, त्यामुळे ती मरेपर्यंत २,८०० च राहणार. घरखर्च महिना ३२,०००.

जून २०२५ मध्ये यातली दहा लाखांची एक ठेव मुदत पूर्ण झाली. २०२३ मध्ये तिला ७.७५ टक्के मिळत होते. मधल्या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ५.५० वर आणला होता, म्हणून नूतनीकरणाला बँकेने ६.७५ टक्के सांगितले. मुलाने हे दहा लाख अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या लिक्विड फंडात ठेवून तिथून दरमहा एक लाख याप्रमाणे शेअर आणि कर्जरोखे दोन्ही घेणाऱ्या बॅलन्स्ड अॅडव्हान्टेज फंडात वळवायची सोय केली. अर्जावर सही बाबांचीच होती. पैसे त्यांच्याच बचत खात्यातून गेले, पहिले नाव त्यांचे, दुसरे आईचे, आणि खाते दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल त्याने चालवायचे. कागदोपत्री सगळे चोख होते. पण सही करताना बाबांनी अर्ज वाचला नव्हता. मुलाने सांगितले म्हणून सही केली.

सप्टेंबरअखेरीचे विवरण आले, त्यात बॅलन्स्ड फंडापुढे गुंतवणूक ३,००,००० आणि आजचे मूल्य २,९६,४०० असे छापलेले होते. बाबांचा फोन आला: "तीन हजार सहाशे कुठे गेले?" आयुष्यभर पासबुक पाहिलेल्या माणसाचा हा रास्त प्रश्न आहे. पासबुकात शिल्लक आपण काढल्याशिवाय कमी होत नाही.

फोनवर समजावून जमले नाही म्हणून मुलाने पत्र लिहिले. पहिल्या मसुद्यात तीन मुद्दे होते: फंडाने मागच्या पाच वर्षांत किती टक्के दिले, ठेवीच्या व्याजावर कर लागतो पण फंडावर कमी लागतो, आणि सहकारी बँकेत पाच लाखांपर्यंतच विमा आहे. तिन्ही मुद्दे गाळावे लागले, आणि ते का गाळले हे इथे सांगण्यासारखे आहे, कारण अशा बहुतेक पत्रांत हेच तीन मुद्दे असतात.

मागच्या पाच वर्षांचा परतावा मार्च २०२० च्या तळानंतरचा असला की तो फुगलेला दिसतो. कराचा मुद्दा या घराला लागूच नव्हता. दोघांचे मिळून नाही, एकट्या बाबांच्या नावावर धरले तरी वर्षाचे उत्पन्न पाच लाखांच्या आत, आणि २०२५-२६ मध्ये नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर करसवलतीमुळे कर शून्य. शून्यापेक्षा कमी कर कोणताच फंड देऊ शकत नाही. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या मुलाला जे गणित लागू होते ते त्याने नकळत वडिलांना लावले होते. विम्याचा मुद्दा खरा आहे. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना हजार रुपयेच काढता येत होते, आणि पाच लाखांची मर्यादा त्यानंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये आली. पण त्यावरचा उपाय ठेवी आणखी बँकांत विभागणे हा आहे, शेअर बाजारात जाणे हा नाही. वडिलांच्या हे लगेच लक्षात आले असते, आणि मग बाकीच्या पत्रावरचाही विश्वास उडाला असता.

मग उरते एकच खरे कारण: घरखर्च वाढत जाणार आणि व्याजाची रक्कम वाढणार नाही. दुसरे पत्र त्या एकाच धाग्यावर उभे आहे. ते असे:

"ती. बाबांस,

सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलेल्या ३,६०० रुपयांपासूनच सुरुवात करतो. ते कुणी काढलेले नाहीत, कुणाचं कमिशनही नाही. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये एकेक लाखाची युनिटं घेतली, त्या युनिटांचा भाव सप्टेंबरच्या शेवटी थोडा उतरलेला होता. युनिटं जितकी घेतली तितकीच आहेत. भाव रोज बदलतो, म्हणून ही रक्कमही रोज बदलेल. कधी खरेदीपेक्षा कमी दिसेल, कधी जास्त.

आधी काय हललं नाही ते सांगतो. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेचे वीस लाख तसेच आहेत, त्याचे तिमाहीला ४१,००० तुमच्या खात्यात येत राहतील. बँकांतले तीस लाखही तसेच आहेत. त्यांचं व्याज सरासरी ७ टक्क्यांनी वर्षाला २,१०,००० होतं. पेन्शन धरून महिन्याला सुमारे ३४,००० येतात. घरखर्च ३२,००० आहे. म्हणजे फंडातून एक रुपया न काढता आजचं घर चालतं. हे गणित बसलं नसतं तर मी दहा लाखांना हात लावला नसता.

आता हललं का ते. पाच वर्षांपूर्वीचं दुधाचं, औषधांचं आणि कामवाल्या मावशींचं बिल आठवा. खर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढला असं धरलं तर आजचे ३२,००० तीन वर्षांनी ३८,००० होतात, पाच वर्षांनी ४२,८००, दहा वर्षांनी ५७,३००. व्याजाचे आणि पेन्शनचे मिळून ३४,००० मात्र ३४,००० च राहतात. दर उतरले तर कमीच होतील. हे दहा लाखही ठेवीत ठेवले असते तर महिन्याला आणखी ५,६०० आले असते. पहिली काही वर्षं त्यातून शिल्लक पडली असती, पण तो आकडाही वाढणारा नाही.

फरक किती पडेल ते मी फुगवून सांगत नाही. दहा लाख ६.७५ टक्क्यांनी, व्याज न काढता, दहा वर्षं ठेवले तर १९ लाख २० हजारांच्या आसपास होतात. फंडाने खर्च वजा जाता ९ टक्के दिले तर २३ लाख ६५ हजारांच्या आसपास. फरक साडेचार लाखांच्या आत. ९ टक्के मिळतीलच असं कुणीही लिहून देत नाही, मीही देत नाही.

नुकसान किती होऊ शकतं तेही लिहितो. कोविडच्या वेळी जानेवारी ते मार्च २०२० मध्ये सेन्सेक्स ३८ टक्के कोसळला होता. आपल्या फंडात शेअरचा खरा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. तसं पुन्हा झालं तर पूर्ण दहा लाख गेलेले असताना विवरणावर आठ लाख दिसतील, कदाचित त्याहूनही कमी. तेव्हा सेन्सेक्स नोव्हेंबरपर्यंत वर आला. पण जानेवारी २००८ ला जिथे होता तिथे परत यायला त्याला नोव्हेंबर २०१० उजाडला होता, आणि त्यानंतर तो पुन्हा घसरला. म्हणून या पैशाला २०२८ पर्यंत हात लावायचा नाही असं मी धरलंय.

२०२८ मध्ये पोस्टाची योजना पूर्ण होईल, तेव्हा नवा दर काय असेल ते बघू. त्या सुमारास महिन्याला चार-साडेचार हजार कमी पडू लागतील. तेव्हा फंडातून दरमहा ४,५०० तुमच्या खात्यात येतील अशी सूचना देऊ. त्याला व्याज समजू नका. दर महिन्याला तेवढ्या रकमेची युनिटं विकली जातील. ज्या वर्षी फंडाची किंमत आपण घातलेल्या रकमेपेक्षा खाली असेल त्या वर्षी ही सूचना थांबवायची आणि कमी पडणारे पैसे ठेवीतून घ्यायचे. ठेवी त्यासाठीच मोठ्या ठेवल्या आहेत.

अचानक लागलेच तर पैसे निघतात, अडकलेले नाहीत. अर्ज केल्यापासून दोन-तीन कामाच्या दिवसांत तुमच्या खात्यात येतात. पण एखादा हप्ता वर्षाच्या आत काढला तर १ टक्का कापला जाऊ शकतो, आणि प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात. म्हणून आधी बचत खातं, मग छोटी ठेव मोडायची, फंड सगळ्यात शेवटी.

ही विमा पॉलिसी नाही, दरवर्षी हप्ता भरायचा नाही. बँकेत कुणी 'याहून चांगलं' म्हणून काही दाखवलं तर सही न करता कागद घरी आणा.

अजून सात हप्ते जायचे आहेत. ते थांबवायचे असतील तर तुम्ही सांगा, थांबवता येतात. पैसे तुमचे आहेत. मी तुम्हाला हे सगळं सहीच्या आधी लिहून द्यायला हवं होतं.

आईला नमस्कार.
तुमचा,
(सही)"

पत्रात टक्के फार थोडे आहेत आणि जे आहेत त्यांच्या शेजारी रुपये आहेत. वडिलांनी तिमाहीला ४१,००० जमा झालेले पाहिलेले असतात, ८.२ टक्के पाहिलेले नसतात. आकड्यांचा क्रमही विचार करून लावलेला आहे: आधी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर, मग न हललेले पैसे, मग कारण, आणि कारणाला लागूनच तोटा. तोट्याचा परिच्छेद शेवटी ढकलला की तो लपवल्यासारखा वाटतो.

"शेअरचा खरा वाटा" या शब्दांमागे मात्र एक गुंता आहे, जो पत्रात उलगडलेला नाही आणि जो पुढे हमखास विचारला जातो. 'बॅलन्स्ड' या नावाखाली लोक चार वेगळ्या गोष्टी धरतात. सेबीने ऑक्टोबर २०१७ मध्ये वर्ग ठरवून दिले: अॅग्रेसिव्ह हायब्रिडमध्ये शेअर ६५ ते ८० टक्के, बॅलन्स्ड हायब्रिडमध्ये ४० ते ६०, कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रिडमध्ये १० ते २५, आणि बॅलन्स्ड अॅडव्हान्टेजमध्ये प्रमाण फंड व्यवस्थापकाच्या पद्धतीनुसार बदलते. पत्र लिहिणाऱ्याने यातला नेमका वर्ग लिहिला नाही तर कुणीतरी शेजारी आपल्या अॅग्रेसिव्ह फंडाचा अनुभव सांगतो आणि घोळ होतो.

बॅलन्स्ड अॅडव्हान्टेजच्या मासिक फॅक्टशीटवर समजा इक्विटी ६७ टक्के छापलेली आहे. त्यातल्या २० टक्क्यांसमोर तेवढ्याच रकमेचे फ्युचर्स, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर विकायचे करार, विकलेले असतात, म्हणजे शेअर पडला तर फ्युचर्समध्ये तेवढेच मिळतात आणि तो भाग बाजाराच्या चढउतारापासून जवळजवळ अलिप्त राहतो. उरलेली ४७ टक्के ही नेट इक्विटी, आणि जोखीम मोजायची ती हिच्यावर. ६७ चा आकडा बहुधा करासाठी राखलेला असतो, कारण ६५ टक्क्यांच्या वर राहिले की फंडाला शेअर फंडाचा कर लागतो: वर्षानंतर विकल्यास वर्षाकाठी सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, पुढे १२.५ टक्के. फंड निवडताना मागच्या दोन-तीन वर्षांच्या फॅक्टशीट काढून नेट इक्विटी किती वर-खाली झाली ते बघावे. काही फंडांत ती ३० पर्यंत उतरते, काहींत निम्म्याहून बरीच वरच राहते. दुसऱ्या प्रकारच्या फंडाचे नाव काहीही असो, ७२ वर्षांच्या माणसाला तो 'निम्मा शेअर' म्हणून सांगणे खोटे ठरेल.

सव्वा लाखाच्या मर्यादेबद्दल एक खुलासा. बारा लाखांपर्यंतची करसवलत या १२.५ टक्क्यांच्या नफ्याला लागू होत नाही. म्हणजे बाबांनी दहा वर्षांनी सगळी युनिटे एकाच वर्षी विकली तर बाकी उत्पन्न कितीही कमी असले तरी कर लागू शकतो. महिन्याला ४,५०० काढताना विकलेल्या युनिटांतला फक्त नफ्याचा भाग मोजला जातो आणि तो मर्यादेच्या जवळपासही जात नाही.

पत्रातले "त्याला व्याज समजू नका" हे वाक्य किरकोळ वाटेल, पण ते जुन्या जखमेवरून आलेले आहे. २०१६-१७ च्या सुमारास अनेक वितरकांनी निवृत्त मंडळींना बॅलन्स्ड फंड 'महिन्याला एक टक्का लाभांश' सांगून विकले. लाभांश हा फंडाच्या युनिटमूल्यातूनच जातो. दिला की मूल्य तेवढेच उतरते. २०१८ च्या अर्थसंकल्पात शेअर फंडांच्या लाभांशावर १० टक्के कर आला, बाजारही नरमला, लाभांश घटले, आणि ज्यांनी तो पेन्शनसारखा धरला होता त्यांची पंचाईत झाली. पुढे सेबीने एप्रिल २०२१ पासून त्या पर्यायाचे नावच बदलून उत्पन्न वितरण व भांडवल काढणे अशा अर्थाचे आयडीसीडब्ल्यू केले. या घरात लाभांश न देता नफा फंडातच ठेवणारा ग्रोथ पर्याय घेतला होता, तोही वितरकाशिवाय थेट घ्यायच्या डायरेक्ट प्लॅनमध्ये. वितरकामार्फत घ्यायच्या रेग्युलर प्लॅनमध्ये बऱ्याचदा वर्षाला पाऊण ते एक टक्का जास्त खर्च जातो. ठेवीपेक्षा सव्वादोन टक्के जास्त मिळण्याच्या आशेवर हा सगळा खटाटोप असेल तर त्यातला एक टक्का खर्चात जाणे महागच. मात्र मुलगा दूर असेल आणि घरात कुणालाच ऑनलाइन व्यवहार जमत नसेल, तर घरी येऊन फॉर्म भरून देणाऱ्या चांगल्या वितरकाला तेवढे देणे वावगे नाही.

पत्र पोचल्यावर बाबांनी दोन गोष्टी विचारल्या. पहिली, "मी गेलो तर आईला काय करावं लागेल?" दुसरे नाव आईचे असल्याने युनिटे तिच्या नावावर करायला ट्रान्समिशनचा अर्ज, मृत्यूचा दाखला, तिचे केवायसी आणि तिच्या नावाचे बँक खाते एवढे लागते, त्यासाठी तिचे केवायसी आजच पूर्ण हवे. ते होते. पण संपर्काचा मोबाइल आणि ईमेल मुलाचा दिलेला निघाला. आईवडिलांसाठी कुटुंबातल्या व्यक्तीचा क्रमांक तसे घोषित करून देता येतो, तरी ओटीपी मुलाकडे जात राहिला की वडिलांना आपल्याच पैशांचा व्यवहार झालेला कळत नाही. मोबाइल बाबांचा करून घेतला, ईमेल मुलाचा राहू दिला.

दुसरा प्रश्न आईच्या शस्त्रक्रियेच्या पैशांचा होता आणि तो जास्त महत्त्वाचा निघाला. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढच्या वर्षी करायची असे डॉक्टर म्हणाले होते आणि मुलाला हे माहीत नव्हते. आरोग्य विमा होता, पण खोलीच्या भाड्याच्या मर्यादेमुळे काही खर्च अंगावर येणार होता. दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये असू नये, यावर वाद नाही. मग दहा हप्त्यांचे आठ करायचे ठरले. फंडबदलाची सूचना रद्द करायला पुढच्या हप्त्याच्या आधी काही दिवस अर्ज द्यावा लागतो. फंडाप्रमाणे ही मुदत आठवडा ते पंधरवडा असते, आणि ती चुकली की आणखी एक लाख निघून जातात. अर्ज वेळेत दिला. लिक्विड फंडातले शेवटचे दोन लाख आणि वरचा नफा बचत खात्यात आणून बाबांनी आपल्या हाताने वर्षभराची ठेव केली.

एक काम राहिले होते, ते विवरणपत्राचे. बाबा दरवर्षी आयटीआर-१ भरत. लिक्विड फंडातून दर महिन्याला एक लाख बाहेर पडतात तेव्हा कर कायद्याच्या दृष्टीने ती प्रत्येक वेळी विक्री असते, आणि तिच्यावरचा नफा अल्पकालीन भांडवली नफा. रक्कम जेमतेम काही हजारांची आणि त्यावर कर शून्य, पण अल्पकालीन भांडवली नफा असला की आयटीआर-१ चालत नाही. २०२५-२६ साठी त्यांना आयटीआर-२ भरावा लागेल, आणि त्यासाठी फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेक या कंपन्यांकडून भांडवली नफ्याचे विवरण एप्रिलनंतर मागवून घ्यायचे आहे.